गच्चीच्या स्लॅबला त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा तिरकी भेग : खंडित कडा, मोमेंटचे गुणांक आणि कोपऱ्याची जाळी

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. गच्चीचा एक कोपरा दर पावसाळ्यात गळतो, वॉटरप्रूफिंग दोनतीनदा करून झाले, आणि तरीही पुढच्या जूनमध्ये खालच्या खोलीत ओल त्याच जागी उमटते. कोबा उकलल्यावर स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागावर कोपऱ्याला आडवी जाणारी भेग दिसते, दोन्ही भिंतींशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करणारी. छताच्या गिलाव्यावर मात्र भेगेची दिशा उलटी असते. ती कोपऱ्यातून निघून खोलीच्या मध्याकडे, कर्णाच्या रेषेवर धावते. वर कर्णाला आडवी आणि खाली कर्णालगत अशी जोडी एकाच कोपऱ्यात सापडली, तर दोष वॉटरप्रूफिंगचा नसून त्या कोपऱ्यातल्या सळ्यांचा आहे, असे मी पहिल्या भेटीतच गृहीत धरतो आणि नंतर ते तपासतो.

हे असे का होते, ते आधी पाहू. चारी बाजूंनी आधार असलेला स्लॅब भाराखाली मध्यभागी खाली वाकतो, तेव्हा त्याचे कोपरे वर उचलले जाऊ पाहतात. कोपऱ्यावर वजन नसेल, म्हणजे स्लॅब विटांच्या भिंतीवर नुसता टेकलेला असेल, तर कोपरा खरोखरच किंचित उचलला जातो आणि स्लॅबच्या बुडाशी भिंतीत आडवी भेग पडते. आरसीसी चौकटीत मात्र कॉलम, बीम आणि वरची भिंत कोपऱ्याला धरून ठेवतात. उचलता न आल्यामुळे तिथे पीळ निर्माण होतो. कर्णाच्या दिशेने वरच्या अंगाला ताण बसतो आणि कर्णाच्या काटकोनात खालच्या अंगाला. काँक्रीट ताणात दुबळे असल्याने भेग ताणाला आडवी पडते, म्हणून वर ती कोपरा कापल्यासारखी दिसते आणि खाली कर्णावर.

आयएस 456:2000 च्या परिशिष्ट डी मध्ये यासाठी स्पष्ट तरतूद आहे. ज्या कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन्ही कडा खंडित आहेत, म्हणजे ज्यांच्यापलीकडे स्लॅब पुढे चालू नाही, तिथे वर दोन आणि खाली दोन असे सळ्यांचे चार थर कडांना समांतर घालायचे. प्रत्येक थरातले पोलाद मध्यभागातल्या कमाल मोमेंटसाठी लागणाऱ्या पोलादाच्या पाऊणपट असावे, आणि जाळी कडेपासून आखूड गाळ्याच्या किमान एक पंचमांश अंतरापर्यंत जावी. दोनपैकी एकच कड खंडित असेल तर याच्या निम्मे पोलाद पुरते. दोन्ही कडा अखंड असतील तर जाळी लागत नाही. नियम इतका सुटसुटीत आहे, तरी कोपरे फाटत राहतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण एकच निघते : कड खंडित आहे की अखंड, हा प्रश्न पॅनेल नकाशात कुठे आहे ते पाहून सोडवला जातो, त्या कडेपलीकडे प्रत्यक्षात काय आहे ते पाहून नव्हे.

एक पॅनेल, दोन वाचने

गेल्या वर्षी एका तीनमजली इमारतीत पाहिलेले प्रकरण इथे तपशिलाने देतो, कारण त्यात हा घोटाळा अगदी स्वच्छ दिसतो. गच्चीच्या वायव्येकडचे पॅनेल, पूर्व-पश्चिम प्रभावी गाळा 4.0 मीटर, उत्तर-दक्षिण 5.0 मीटर, जाडी 150 मिमी. उत्तरेला आणि पश्चिमेला इमारत संपते. दक्षिणेला तशाच पातळीवर दुसरे पॅनेल आहे. पूर्वेला बीम आहे आणि त्या बीमवर जिन्याच्या खोलीची 230 मिमी विटांची भिंत उभी आहे.

गळती कुठे होती? इमारतीच्या बाहेरच्या, म्हणजे वायव्य कोपऱ्यात नव्हे. तो कोपरा कोरडा होता. गळत होता तो ईशान्य कोपरा, जिथे उत्तरेचा कठडा जिन्याच्या खोलीच्या भिंतीला भिडतो. त्यामुळे आधीच्या प्रत्येक माणसाने दोष त्या भिंतीच्या आणि कोब्याच्या सांध्यावर टाकला होता, आणि तो सांधा प्रत्येक वेळी नव्याने भरला होता. सांध्याचे काम वाईट नव्हते. पाणी तिथून जातच नव्हते.

कोपऱ्यातला साधारण सव्वा मीटर चौरस कोबा आम्ही काढायला लावला. स्लॅब धुऊन कोरडा होऊ दिला. कडा आधी सुकतात आणि भेगेत ओल थोडा वेळ टिकते, त्यामुळे अर्ध्या तासाने एक काळसर रेघ आपोआप उठून दिसली : कठड्यावर कोपऱ्यापासून सुमारे 70 सेंमी अंतरावर सुरू होऊन जिन्याच्या भिंतीवर सुमारे 60 सेंमीवर संपणारी. खालच्या खोलीत शिडी लावून पाहिले तेव्हा त्याच कोपऱ्यातून छताच्या मध्याकडे जाणारी केसाएवढी भेग सापडली. ती रंगाच्या थराखाली दडली होती.

मग मूळ आराखडा मागवला. आराखडा करणाऱ्याने पॅनेल परिशिष्ट डी च्या तक्ता 26 मधल्या केस 4 मध्ये, म्हणजे लगतच्या दोन कडा खंडित, असे धरले होते. उत्तर आणि पश्चिम खंडित, दक्षिण आणि पूर्व अखंड. नकाशात पाहिले तर पूर्वेच्या बीमपलीकडे चौकट पुढे चालू आहे, म्हणून घाईत हे बरोबर वाटते. पण त्या बीमपलीकडे जिन्याची मोकळी विहीर आहे. गच्चीच्या पातळीवर तिथे स्लॅबच नाही. पूर्व कडेवर वरच्या अंगाला ठेवलेल्या सळ्यांना पलीकडे जायला जागा नव्हती, त्या बीममध्येच खाली वाकवलेल्या होत्या. म्हणजे हे पॅनेल केस 8 चे आहे : तीन कडा खंडित, केवळ एक आखूड कड अखंड.

फरक आकड्यांत पाहू. स्लॅबचे स्वतःचे वजन 3.75, विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि गिलावा मिळून 2.75, वावर असलेल्या गच्चीचा चल भार 1.5, एकूण 8.0 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, 1.5 ने गुणून 12. गाळ्यांचे गुणोत्तर 1.25, म्हणून तक्ता 26 मधल्या 1.2 आणि 1.3 या रकान्यांची सरासरी घ्यायची.

```
M = α · w · lx²,   w · lx² = 12 × 4.0² = 192

केस 4 :  αx(−) = 0.0625   αx(+) = 0.047
केस 8 :  αx(−) = नाही      αx(+) = 0.062
```

केस 4 धरल्यावर आखूड दिशेत मध्यभागी 9.0 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येते, आणि पूर्व आधारावर 12.0 ऋण मोमेंट. केस 8 मध्ये तो ऋण मोमेंट घेणारे कोणी नसल्याने मध्यभागाचे मोमेंट 11.9 वर जाते, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने वाढते. एम 25 काँक्रीट, एफई 500 पोलाद आणि प्रभावी खोली 125 मिमी धरली तर पहिल्या वाचनात 171 चौरस मिमी प्रति मीटर पोलाद लागते, जे 180 या किमान पोलादापेक्षाही कमी आहे. म्हणून तिथे 8 मिमी सळ्या 250 मिमी अंतरावर, म्हणजे 201 चौरस मिमी, दिल्या होत्या आणि आराखडा करणाऱ्याला त्यात बरीच सवलत दिसली असणार. दुसऱ्या वाचनात 227 लागतात. दिलेल्या सळ्यांची क्षमता साधारण 10.6 किलोन्यूटन-मीटर भरते. ही तूट दहा-अकरा टक्क्यांची आहे. ती भरून काढायलाच हवी, पण भाराचे गुणक अजून शिल्लक असल्याने स्लॅब कोसळण्याच्या बेतात आहे असे नाही. हे घरमालकाला नीट सांगावे लागते, नाहीतर तो एक तर घाबरून स्लॅब पाडायला निघतो किंवा काहीच करत नाही.

खरा आघात कोपऱ्यांवर झाला. केस 4 च्या वाचनात वायव्येला पूर्ण जाळी, ईशान्य आणि नैर्ऋत्येला निम्मी, आग्नेयेला काहीच नाही. प्रत्यक्ष कडा पाहिल्या तर वायव्य आणि ईशान्य दोन्हीकडे पूर्ण जाळी लागते, आणि उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांत निम्मी. ईशान्येला आराखड्याप्रमाणे लागणारी निम्मी जाळी आधीच क्षुल्लक होती, जेमतेम 64 चौरस मिमी प्रति मीटर, आणि साइटवर ‘एवढ्याशा सळ्या कशाला’ म्हणून ती गाळली गेली होती. सळ्या शोधण्याचे यंत्र फिरवले तेव्हा त्या चौकोनात वरच्या अंगाला उत्तर बीममधून आलेल्या दोनच सळ्या सापडल्या. खंडित कडेवर बीमच्या अंशतः अडवणुकीमुळे येणाऱ्या ऋण मोमेंटसाठी मध्यभागाच्या निम्म्या सळ्या गाळ्याच्या दहाव्या भागापर्यंत न्याव्यात, असा जो वेगळा नियम आहे, त्याच्या त्या सळ्या होत्या. त्या 50 सेंमीवर संपत होत्या, म्हणजे भेग ओलांडून फार तर काही सेंटीमीटर गेल्या होत्या आणि तेवढ्यात पोलादाला पकड मिळत नाही. पूर्वेकडच्या वरच्या सळ्या तर मधल्या पट्ट्यातच होत्या. कडेचा आठवा हिस्सा, इथे 62 सेंमी, त्यांच्यावाचून होता, आणि भेग नेमकी त्याच पट्ट्यात येऊन संपत होती.

वायव्य कोपरा कोरडा का राहिला, याचेही उत्तर यातच आहे. तिथे जाळी होती. एकाच स्लॅबमध्ये, एकाच दिवशी ओतलेल्या काँक्रीटमध्ये, एका कोपऱ्यात जाळी आणि दुसऱ्यात नाही, आणि फाटला तो दुसरा. याहून स्वच्छ पुरावा साइटवर क्वचितच मिळतो.

भेग हीच आहे याची खात्री

गच्चीच्या कोपऱ्यात इतरही भेगा पडतात आणि त्यांचा उपाय निराळा असतो, म्हणून घाई करू नये. बीमला समांतर, कडेपासून थोड्या अंतरावर सरळ जाणारी भेग असेल तर ती खंडित कडेवरच्या ऋण मोमेंटची आहे. तिथे दहाव्या भागापर्यंतच्या वरच्या सळ्या कमी पडल्या किंवा काँक्रीट ओतताना दबल्या. सळईच्या रेषेवर, ठरावीक अंतराने समांतर येणारी आणि कडांना तांबूस डाग असलेली भेग गंजाची असते. वेडीवाकडी, उथळ आणि पॅनेलभर विखुरलेली जाळी बहुधा काँक्रीट ओतल्यानंतर पहिल्याच दिवशीच्या उन्हावाऱ्याने पडलेली असते आणि ती कोपऱ्याला बांधलेली नसते. पिळाच्या भेगेची ओळख तिच्या जोडीदाराने पटते. म्हणून वरची भेग दिसली तरी खालच्या छताचा रंग खरवडून कर्णावरची भेग शोधल्याशिवाय मी निदान लिहून देत नाही.

एक तपासणी मात्र नक्की करावी. भेगेवर आडवी बारीक खूण करून जाडी मोजण्याच्या पट्टीने सकाळी आणि भर दुपारी रुंदी पाहावी, आणि तीच नोंद दोनतीन आठवडे ठेवावी. उन्हाने ती थोडी उघडमिट करतेच. पण नोंदीत ती सतत एकाच दिशेने वाढत असेल, तर आधार खचण्यासारखे दुसरे कारण तपासावे लागते आणि पुढचा मजकूर तिथे लागू होत नाही.

तक्ता 26 की 27

या ठिकाणी एक पळवाट अनेकदा सुचवली जाते : जाळी घालायची नसेल तर तक्ता 27 वापरा. हा सल्ला अर्धवट आहे. तक्ता 27 चारी कडांना नुसता आधार असलेल्या आणि कोपरे मोकळेपणाने उचलले जाऊ शकणाऱ्या स्लॅबसाठी आहे. गुणोत्तर 1.25 असताना त्यात आखूड दिशेचा गुणांक 0.0885 आहे, तर तक्ता 26 मध्ये चारही कडा खंडित असलेल्या पॅनेलसाठी 0.0755. हा जो सतरा टक्क्यांचा फरक आहे, तो धरून ठेवलेल्या कोपऱ्यांनी उचललेला वाटा आहे. तक्ता 26 चा गुणांक घेणे म्हणजे कोपऱ्याची जाळी गृहीत धरणे. गुणांक घ्यायचा आणि जाळी सोडायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आणि बीमशी एकसंध ओतलेल्या स्लॅबचा कोपरा आपण कागदावर मोकळा म्हटल्याने मोकळा होत नाही. तक्ता 27 चे जादा पोलाद मध्यभागी घातले तर बळाची बाजू सांभाळली जाईल, पण कोपरा वरून फाटेल आणि गच्ची असेल तर गळेल.

दुरुस्ती

नुसते इपॉक्सी भरणे इथे पुरत नाही. भेग बंद होते, पण तिच्या आडवे जाणारे पोलाद अजूनही नसते, त्यामुळे पुढच्या एकदोन उन्हाळ्यांत शेजारीच नवी भेग पडते. या इमारतीत आधीच्या एका दुरुस्तीत नेमके हेच झाले होते आणि जुन्या भरलेल्या भेगेपासून दोन बोटांवर नवी भेग दिसत होती.

आम्ही आधी वरच्या आणि खालच्या भेगेत पातळ इपॉक्सी दाबाने भरून घेतले. नंतर कोपऱ्यातला स्लॅबचा पृष्ठभाग टाचे मारून खडबडीत केला आणि त्यावर सळ्या ठेवून 50 मिमी मायक्रोकाँक्रीटचा थर घातला. लागणारे पोलाद 227 च्या पाऊणपट, म्हणजे 170 चौरस मिमी प्रति मीटर. नव्या कामात ते दोन्ही कडांना समांतर जाळीच्या रूपात द्यावे लागते, पण दोन्ही दिशांना सारखे पोलाद असलेली जाळी कर्णाच्या दिशेनेही तेवढेच बळ देते. म्हणून दुरुस्तीत, जिथे भेगेची दिशा डोळ्यांसमोर आहे, तिथे भेगेच्या काटकोनात एकच थर पुरतो. 8 मिमी सळ्या 200 मिमी अंतरावर, कर्णाला समांतर ठेवल्या. कोपऱ्याकडची टोके बीममध्ये छिद्रे पाडून, फुंकून स्वच्छ करून रासायनिक चिकटद्रव्यात बसवली आणि दुसऱ्या बाजूला भेगेपलीकडे पूर्ण पकडीची लांबी ठेवली. छिद्रांची खोली त्या चिकटद्रव्याच्या उत्पादकाच्या तक्त्यावरून घ्यावी, आणि छिद्र पाडण्याआधी बीममधल्या सळ्यांची जागा यंत्राने आखून घ्यावी. बीमची वरची सळई ड्रिलने कापली गेली तर दुरुस्तीने नवे दुखणे आणले म्हणायचे.

मध्यभागातली तूट पोलाद न वाढवता भार उतरवून भागली, आणि या कामातला हा भाग मला सर्वांत समाधानाचा वाटला. जड कोबा सगळ्या पॅनेलवरून काढून त्याऐवजी उताराचा पातळ थर आणि पडद्याचे वॉटरप्रूफिंग केले. कोबा-गिलाव्याचे 2.75 होते ते 1.5 वर आले, एकूण भार 6.75, गुणक लावून सुमारे 10.1, आणि मोमेंट 0.062 × 10.1 × 16, म्हणजे साधारण 10.0 किलोन्यूटन-मीटर, जुन्या सळ्यांच्या 10.6 च्या आत. वाकण्याची तपासणीही नव्याने करावी लागते, कारण आखूड दिशेत आता अखंडता नाही आणि गाळा-खोली गुणोत्तराचा मूळ आकडा 26 ऐवजी 20 धरायचा असतो. इथे ती जेमतेम उतरली. जाडी 125 मिमी असती तर उतरली नसती.

नव्या आराखड्यात

केस क्रमांक ठरवण्याआधी मी पॅनेलच्या चारही कडांवर पेन्सिलने एकेक प्रश्न लिहितो : या बीमपलीकडे, याच पातळीवर, साधारण याच जाडीचा स्लॅब आहे का, आणि माझी वरची सळई त्यात सरळ जाते का? उत्तर ‘नाही’ असेल तर कड खंडित. जिन्याची विहीर, लिफ्टची पोकळी, मोठा डक्ट यांच्याकडची कड अशी असते. मधल्या मजल्यांवर सर्वांत जास्त फसवते ती संडास-बाथरूमची खाली दाबलेली स्लॅब. ती 300 मिमी खाली असेल तर बीमच्या माथ्यावरची सळई सरळ जाऊच शकत नाही, आणि नकाशात मात्र ते पॅनेल चारही बाजूंनी वेढलेले दिसते. खोलगट बाल्कनीचेही तसेच. एक्सेलच्या शीटमध्ये केसचा आकडा टाकायला एक क्षण लागतो. हा प्रश्न त्याआधी चार वेळा विचारायला पाच मिनिटे पुरतात.

जाळीसाठी खालच्या दोन थरांचे वेगळे पोलाद बहुधा लागत नाही. मध्यभागाच्या सगळ्या सळ्या कोपऱ्याच्या पट्ट्यात कडेपर्यंत सरळ नेल्या की खालचा हिशेब भागतो. मात्र एक आड एक सळई वर क्रँक करण्याची सवय तिथे सोडावी लागते. वरच्या दोन थरांसाठी यू आकाराच्या सळ्या उत्तम, कारण त्या कडेशी आपोआप अडकतात आणि खालच्या थराशी जोडल्या जातात. या पॅनेलला 8 मिमी सळ्या 200 मिमी अंतरावर, कडेपासून 800 मिमीपर्यंत, वायव्य आणि ईशान्य दोन्ही कोपऱ्यांत लागल्या असत्या. कोपऱ्यामागे काही किलो पोलाद.

आणि ती जाळी काँक्रीट ओतेपर्यंत वर राहिली पाहिजे. कोपऱ्यात कॉलमच्या सळ्या, दोन बीमच्या सळ्या आणि ही जाळी अशी दाटी असते, मजूर तिथेच पाय रोवून घमेले ओततो, आणि खुर्च्या विरळ असतील तर वरची जाळी बघता बघता चार सेंटीमीटर खाली बसते. 125 ची प्रभावी खोली 85 झाली की सळ्या आराखड्याप्रमाणे मोजून भरल्या तरी त्यांचे एक तृतीयांश बळ गेलेले असते. म्हणून कोपऱ्याच्या चौकोनात मी खुर्च्या 600 मिमीच्या आत मागतो, त्यावर फळी टाकायला सांगतो, आणि काँक्रीट त्या कोपऱ्यापर्यंत येते तेव्हा फिटरला तिथे उभे राहून दबलेली सळई आकड्याने वर ओढून घ्यायला सांगतो.